स्कॅनवरून बनवलेली शीट तपासायला देताना: हेडिंग फ्रीझ आणि फिल्टर कसे लावावेत

कागदाचा फोटो काढला, सॉफ्टवेअरमधून घातला, एक्सेल बाहेर आली, मेलला जोडून "जरा बघून घ्या" म्हणून पाठवून दिली. अशी फाइल माझ्याकडे तपासायला आली की मी ती उघडतो आणि बंद करतो. पाचशे ओळी खाली गेल्यावर कुठला आकडा किलोचा आणि कुठला दराचा हे कळत नसेल, आणि समोरची ओळ चित्राच्या कुठल्या पानावर शोधायची हेही कळत नसेल, तर तपासणारा काय तपासणार? तो वरच्या वीस ओळी पाहतो आणि "ठीक आहे" लिहितो. त्याची चूक नाही.

यावर मिळणारा सल्ला नेहमी एकच: `Freeze Top Row` दाबा, `Filter` दाबा, झाले. हाताने नीट तयार केलेल्या शीटला तेवढे पुरते. चित्रावरून आलेल्या शीटला पुरत नाही, कारण तिच्यात कागदाची सगळी रचना जशीच्या तशी उतरलेली असते: दर पानाला पुन्हा हेडिंग, मध्ये रिकाम्या ओळी, जोडलेले सेल, पानाखाली बेरीज.

मी एकच उदाहरण घेऊन सांगतो. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या एका सोसायटीची काजूबियांच्या खरेदीची यादी. जुन्या संगणकातली फाइल गेली होती, डॉट मॅट्रिक्सवर छापलेले कागद तेवढे उरले होते. 14 पाने, पानाला 26 ओळी, शेवटच्या पानावर 19. म्हणजे 357 नोंदी. रकाने आठ: पावती क्र., तारीख, नाव, गाव, पोती, किलो, दर, रक्कम. त्यातल्या पोती आणि किलो यांच्या डोक्यावर मिळून एक "वजन" असे मोठे हेडिंग. प्रत्येक पानाच्या वर सोसायटीचे नाव, हंगाम वगैरे तीन ओळी, खाली पानाची बेरीज. असले कागद गोव्यात कुठल्याही कपाटात सापडतील.

मेनूंची नावे एक्सेलमधली देतो. लिब्रेऑफिसमध्ये हीच कामे `View` मधल्या `Freeze Rows and Columns` ने आणि `Data` मधल्या `AutoFilter` ने होतात. गुगल शीट्सचे वेगळे आहे, त्याविषयी पुढे.

1. मूळ शीटची प्रत

टॅबवर उजवे क्लिक, `Move or Copy`, `Create a copy`. एका टॅबचे नाव "मूळ", दुसऱ्याचे "तपासणी". "मूळ"ला हात लावायचा नाही.

2. चित्रांची नावे

p01.jpg ते p14.jpg. व्हॉट्सअॅपने दिलेली लांबलचक नावे ठेवलीत तर पुढचे सगळे व्यर्थ. आडवी चित्रे आत्ताच सरळ करा.

3. प्रत्येक ओळीला पानाचा नंबर

हेडिंग फ्रीझ करण्याच्या लेखात हे कशाला, असे वाटेल. पण फिल्टर लावला की ओळी आपली जागा सोडतात. "गाव: केरी" निवडले की पान 2, पान 5 आणि पान 11 वरच्या ओळी एकाखाली एक येऊन बसतात. त्यातली कुठली ओळ कुठल्या चित्रात आहे हे ओळीवरच लिहिलेले नसेल तर फिल्टरचा काही उपयोग नाही, उलट त्रासच. आणि पानांची हेडिंगे पुढे आपण उडवणार आहोत. ती उडाली की पान कुठे सुरू होत होते याची खूण कायमची जाते. म्हणून नंबर आधी, साफसफाई नंतर.

आधी जोडलेले सेल सोडवा: `Ctrl+A` दोनदा, मग `Home` मधल्या `Merge & Center` च्या बाणातले `Unmerge Cells` दाबून सगळे मोकळे. मग डावीकडे दोन नवे रकाने आणि वर एक रिकामी ओळ घाला. आता A हा पानाचा रकाना, B ओळीचा, आणि पावती क्र. C मध्ये गेला. A1 मध्ये 0 लिहा. A2 मध्ये हे लिहून शेवटपर्यंत खाली ओढा:

```
=A1+COUNTIF(C2,"*पावती*")
```

C मध्ये "पावती" असलेली हेडिंगची ओळ आली की नंबर एकाने वाढतो, नाहीतर वरचाच पुढे चालतो. पानाच्या डोक्यावरच्या तीन ओळींना मागच्या पानाचा नंबर लागेल, लागू दे, त्या जाणारच आहेत.

शेवटच्या ओळीत 14 आले पाहिजे. 13 आले तर एका पानावर सॉफ्टवेअरने "पावती" शब्दच चुकीचा वाचला आहे. माझ्याकडे एकदा "पावली" झाले होते. ते हेडिंग शोधून दुरुस्त करा, नंबर आपोआप सरकतील.

आता सगळ्यात महत्त्वाचे. A रकाना पूर्ण निवडा, `Ctrl+C`, मग `Ctrl+Alt+V`, `V`, एंटर. म्हणजे सूत्र जाऊन नुसते आकडे राहतात. हे विसरलात तर पुढच्या पायरीत हेडिंगची ओळ उडवताच खालच्या सगळ्या रकान्यात `#REF!` उमटेल, कारण प्रत्येक सेल आपल्या वरच्या सेलवर टेकलेला असतो. मी विसरलो होतो. ओळी उडवून, फाइल सेव्ह करून, बंद करून मग माझ्या लक्षात आले.

4. नको त्या ओळी काढणे

A1 पासून शेवटच्या सेलपर्यंत सगळे निवडून `Ctrl+Shift+L`. C च्या बाणावर क्लिक केले की यादीत आधी आकडे, मग अक्षरे, अगदी तळाशी `(Blanks)`. आकड्यांच्या खुणा काढा, अक्षरे आणि `(Blanks)` ठेवा. समोर येतील सोसायटीची नावे, हेडिंगे, "एकूण" आणि रिकाम्या ओळी.

लगेच डिलीट करू नका. या गर्दीत खऱ्या नोंदीही लपलेल्या असतात, ज्यांचा पावती नंबर सॉफ्टवेअरला वाचताच आला नाही. नाव आणि किलो या रकान्यांवरून नजर फिरवा. दोन्ही भरलेले दिसले तर ती नोंद आहे. पावती रिकामी असली तर तिथे "?" टाका, मग फिल्टर पुन्हा उघडून "?"ची खूण काढा. पावतीच्या जागी काही अक्षरे आली असतील तर त्यांचीही खूण काढा.

"एकूण"च्या चौदा ओळी पानाच्या नंबरासकट तिसऱ्या टॅबमध्ये उतरवून घ्या, नाव "पान बेरीज". त्या लागणार आहेत. उरलेल्या ओळी निवडून `Ctrl` आणि `-`. मग फिल्टर काढा आणि मोजा. वरची एक ओळ सोडून 357 उरल्या पाहिजेत.

5. हेडिंग एकाच ओळीत

वर आणखी एक ओळ घाला. ओळ 1 बेरजेसाठी, ओळ 2 हेडिंगसाठी, नोंदी ओळ 3 पासून 359 पर्यंत. हेडिंग हातानेच लिहा: पान, ओळ, पावती, तारीख, नाव, गाव, पोती, किलो, दर, रक्कम, फरक, तपासणी, शेरा.

"वजन" हे मोठे हेडिंग टाकून द्या. कागदावर ते शोभते. शीटमध्ये फिल्टरला हेडिंग म्हणून एकच ओळ कळते. दोन ओळी ठेवल्या तर दुसरी ओळ नोंद समजली जाते, गावांच्या यादीत "गाव" हेच एक गाव म्हणून दिसते आणि कोणी सॉर्ट केले की ती ओळ मध्येच कुठेतरी जाऊन बसते. "पण मूळ कागदावर तसे आहे" हा वाद माझ्याशी घालू नका. मूळ कागद चित्रात आहे.

B3 मध्ये ओळीचा नंबर:

```
=COUNTIF(A$3:A3,A3)
```

खाली ओढा आणि याचेही आकडे करून टाका. हा नंबर म्हणजे त्या पानावरची कितवी नोंद. याचा एक फायदा मला फार उशिरा कळला. फिल्टर लावल्यावर "ओळ"मध्ये फक्त 26 निवडा. पहिल्या तेरा पानांची प्रत्येकी एक, अशा तेरा ओळी दिसायला हव्यात. बारा दिसल्या तर ज्या पानाचा नंबर गायब आहे त्या पानावरची एक नोंद सॉफ्टवेअरने गिळली आहे. यादीत 27 हा आकडा दिसला तर कुठेतरी लांब नावाची एक नोंद तुटून दोन ओळी झाल्या आहेत. गंमत म्हणजे एक गिळलेली आणि एक तुटलेली असेल तर एकूण संख्या बरोबर 357 च येते. म्हणून नुसत्या एकूण संख्येवर विसंबू नका.

K3 मध्ये फरक:

```
=ROUND(J3-H3*I3,2)
```

किलो गुणिले दर म्हणजे रक्कम. जिथे शून्य नाही तिथे काहीतरी चुकले आहे, आमचे किंवा छापणाऱ्याचे.

6. फिल्टर. माझे घोडे इथेच अडले होते

एक्सेलमध्ये एका सेलवर उभे राहून `Ctrl+Shift+L` दाबले की एक्सेल स्वतः ठरवते यादी कुठून कुठपर्यंत आहे. पूर्ण रिकामी ओळ किंवा पूर्ण रिकामा रकाना लागला की तिथे तिची यादी संपते. हेडिंगवर बाण तर दिसतात, त्यामुळे सगळ्याला फिल्टर लागला असे वाटते. प्रत्यक्षात तो पहिल्या पानालाच लागलेला असतो.

मला हे माहीत नव्हते. पहिल्या वेळी मी पानांमधल्या रिकाम्या ओळी तशाच ठेवल्या होत्या, दिसायला बऱ्या म्हणून. गावाच्या बाणावर क्लिक करून यादी पाहिली. सहा-सात गावे, सगळी नीट लिहिलेली. म्हटले, गावांचा रकाना स्वच्छ आहे, आणि फाइल भाईंकडे पाठवली. भाई म्हणजे आमच्याकडचे निवृत्त हेडक्लार्क, कागद वाचण्यात त्यांचा हात कोणी धरणार नाही. संध्याकाळी फोन आला. नवव्या पानावर मोर्ल्याच्या चार माणसांच्या पुढे "मोले" लागले होते. "अरे, मोलें खंय आणि मोर्ले खंय!" मोर्ले सत्तरीत, मोले धारबांदोड्यात घाटाच्या पायथ्याशी. रफार पुसट छापला होता, सॉफ्टवेअरने तो सोडून दिला आणि माणसे तालुका बदलून गेली. माझ्या यादीत ते दिसलेच नव्हते, कारण माझी यादी 26 ओळींची होती.

तेव्हापासून माझा नियम एकच आहे. फिल्टर लावण्याआधी यादी स्वतः निवडायची. डावीकडच्या वरच्या `Name Box` मध्ये लिहा:

```
A2:M359
```

एंटर, मग `Ctrl+Shift+L`. रिकाम्या ओळी काढल्या असल्या तरीही असेच करा, कारण वर ओळ 1 मध्ये आता बेरजा येणार आहेत. त्या आल्यावर एका सेलवर उभे राहून फिल्टर लावलात तर एक्सेल ओळ 1 लाच हेडिंग समजेल आणि खरे हेडिंग नोंद होऊन बसेल.

लागला की नाही हे बाणांवरून ठरवू नका. "पान"ची यादी उघडा. 1 ते 14 दिसले पाहिजेत. नऊवर थांबली असेल तर तुमचा फिल्टरही नवव्या पानावर थांबला आहे. मग कुठलेही एक पान निवडा आणि खाली डाव्या कोपऱ्यात पाहा. `26 of 357 records found` असे सहसा येते. त्यातला दुसरा आकडा तुमचा एकूण आकडा असला पाहिजे. ओळींचे नंबर निळे झालेले दिसतात. निळ्यांच्या खाली काळे नंबर चालू झाले, तर त्या ओळी फिल्टरच्या बाहेर आहेत.

आता ओळ 1. H1 मध्ये किलोंची आणि J1 मध्ये रकमेची बेरीज, B1 मध्ये दिसणाऱ्या ओळींची संख्या:

```
=SUBTOTAL(109,H3:H359)
=SUBTOTAL(109,J3:J359)
=SUBTOTAL(103,A3:A359)
```

इथे `SUM` चालत नाही. `SUM` लपलेल्या ओळीही धरते, `SUBTOTAL` फक्त समोर दिसणाऱ्या. पान 9 निवडले की B1 मध्ये 26 आणि J1 मध्ये त्या पानाची बेरीज येते, जी p09.jpg च्या तळाशी छापलेली आहे. बेरीज शीटच्या तळाशी ठेवणारे लोक असतात. तपासणारा प्रत्येक पानाला साडेतीनशे ओळी खाली जाईल अशी त्यांची कल्पना असावी.

7. फ्रीझ

`Freeze Top Row` हे बटण विसरा. आपल्याला दोन ओळी आणि तीन रकाने फ्रीझ करायचे आहेत. नियम असा की निवडलेल्या सेलच्या वरच्या ओळी आणि डावीकडचे रकाने जागेवर राहतात. म्हणून D3 वर क्लिक, `View`, `Freeze Panes`, त्यातले पहिले `Freeze Panes`. ओळ 1 व 2 आणि पान, ओळ, पावती हे रकाने जागेवर बसले.

पण त्याआधी `Ctrl+Home`. हे न करणाऱ्यांच्या फाइली मी ओळखतो. शीट थोडी खाली सरकलेली असताना फ्रीझ केले तर वर निसटलेल्या ओळी वरच अडकतात, कितीही स्क्रोल केले तरी खाली येत नाहीत. फाइल उघडली आणि पहिलीच दिसणारी ओळ 2 असली, ओळ 1 कुठे दिसेना, की हेच झाले आहे. `Unfreeze Panes`, `Ctrl+Home`, पुन्हा D3. `Freeze Top Row`चेही तेच: ते ओळ 1 नव्हे, तर त्या क्षणी सगळ्यात वर दिसणारी ओळ धरते.

नाव आणि गावही फ्रीझ करावे असा मोह होतो. करू नका. तपासणारा शीट पूर्ण पडद्यावर पाहणार नाही. एका बाजूला चित्र, दुसऱ्या बाजूला शीट, म्हणजे त्याच्याकडे निम्मा पडदा आहे. फ्रीझ केलेला भाग त्या निम्म्याहून रुंद झाला तर उरलेले रकाने दिसणारच नाहीत आणि आडवे सरकवले तरी समोर काही हलणार नाही. त्याला वाटेल माऊस बिघडला. पान आणि ओळ हे दोन आकडी रकाने आवळून अरुंद करा, पावती तिच्या नंबराएवढीच. विंडोज की आणि उजवा बाण दाबून खिडकी निम्मी करा आणि M पर्यंत सरकवता येते का ते स्वतः पाहा. हीच चाचणी ओळींनाही. सोसायटीचे नाव, पत्ता, हंगाम अशा पाच ओळी वर ठेवून त्या फ्रीझ केलेल्या फाइली येतात, लॅपटॉपवर खाली नोंदी उरतात जेमतेम दहा. ती माहिती वेगळ्या टॅबवर न्या.

चित्र शीटमध्येच चिकटवण्याची कल्पना दर वेळी कोणीतरी काढतो. फिल्टर लावला की ओळी मिटतात आणि चित्र जागा सोडून भलतीकडे जाते. चित्र शेजारच्या खिडकीतच बरे.

8. तपासणीचा रकाना

L रकान्यात `Data Validation`, `List`: बरोबर, दुरुस्त, वाचता येत नाही. मोकळे लिहायला दिले तर पाच तऱ्हेची "बरोबर" येतात. L मध्ये `(Blanks)` निवडले की राहिलेले काम समोर येते. नोंद भरल्यावर ओळ लगेच नाहीशी होत नाही, `Ctrl+Alt+L` दाबून फिल्टर ताजा करावा लागतो. हे तपासणाऱ्याला सांगा, नाहीतर "फिल्टर चालत नाही" असा फोन येतो.

आणखी दोन गोष्टी सांगाव्या लागतात. फिल्टर काढायचा असेल तेव्हा `Data` मधले `Clear` दाबायचे, `Ctrl+Shift+L` नव्हे. त्याने बाणच जातात आणि परत लावताना ओळ 1 हेडिंग होते. दुसरी गोष्ट जास्त धोक्याची: फिल्टर लावलेला असताना अनेक ओळींचा तुकडा पेस्ट करायचा नाही. मी केरीच्या आठ माणसांची नावे दुसऱ्या शीटमध्ये नीट करून आणली आणि एकदम पेस्ट केली. दोनच नावे बरोबर बसली, बाकीची मधल्या न दिसणाऱ्या ओळींवर जाऊन पडली, दुसऱ्याच गावच्या माणसांची नावे पुसून. पडद्यावर काहीच वेडेवाकडे दिसले नाही. दिसणाऱ्या सगळ्या सेलमध्ये एकच शब्द भरायचा असेल तर ते सेल निवडा, `Alt+;` दाबा, शब्द लिहा, `Ctrl+Enter`. बाकी सगळे एकेक हातानेच.

गुगल शीट्सवर दोघे एकदम तपासत असतील तर साधा फिल्टर लावू नका. एकाने पान 3 निवडले की दुसऱ्याच्या पडद्यावरही पान 3 च येते. `Data` मधून `Create filter view` घ्या, तो ज्याचा त्याचा वेगळा चालतो. तिथे आणखी एक अडचण: जोडलेला सेल फ्रीझच्या रेषेवर अर्धा इकडे अर्धा तिकडे पडत असेल तर गुगल फ्रीझच करू देत नाही. तिसऱ्या पायरीत आपण सगळे सेल सोडवले आहेत, म्हणून हे आपल्याला आडवे येत नाही.

तपासणी प्रत्यक्षात कशी चालते

तपासणाऱ्याने एकदम पहिल्या ओळीपासून सुरुवात करायची नाही. आधी "फरक"ची यादी उघडायची, 0 ची खूण काढायची. आमच्या उदाहरणात अकरा ओळी उरल्या, त्यातली एक `#VALUE!` म्हणत होती. पान 9, ओळ 14. चित्रात 40.5 किलो, दर 112, रक्कम 4536. शीटमध्ये रक्कम "4S36". पाचाच्या जागी इंग्रजी एस. डोळ्याला ते सहज फसवते, पण एक्सेलला ते अक्षर असल्यामुळे बेरजेत धरले जात नाही. म्हणूनच पान 9 ची बेरीज J1 मध्ये 1,17,428 येत होती आणि चित्रात 1,21,964 होती. तफावत बरोबर 4536. तफावत एखाद्या नोंदीएवढीच निघाली की समजायचे, त्या नोंदीची रक्कम अक्षरे होऊन बसली आहे किंवा ती नोंदच गेली आहे.

उरलेल्या दहांपैकी आठ वाचनाच्या चुका निघाल्या. दोन मात्र कागदावरच चुकलेल्या होत्या: छापलेले किलो आणि दर गुणले तर छापलेली रक्कम येत नव्हती. अशा ठिकाणी आकडा सुधारायचा नाही. चित्रात जे आहे तेच शीटमध्ये, L मध्ये "बरोबर", आणि शेऱ्यात "मुळातच फरक". त्या माणसाला प्रत्यक्ष किती पैसे मिळाले हे आपल्याला ठाऊक नाही आणि ते ठरवणे आपले कामही नाही.

मग गावांची यादी. इथे फिल्टर खरा कामाला येतो, कारण प्रत्येक वेगळे लेखन एकदाच दिसते. "गुळेली" आणि "गुळेळी" जवळजवळ येऊन उभे राहतात, चूक लगेच दिसते. पण यादीत दिसले म्हणून चूक समजू नका. "ठाणे" पाहून पुण्याहून आलेल्या एका हुशार मुलाने ते चुकीचे वाचन म्हणून खोडले होते. आमच्या सत्तरीत ठाणे आहे. होंडाही आहे, गाडी नव्हे, गाव. केरी तर गोव्यात एक सत्तरीत, एक फोंड्यात, एक पेडण्यात. संशय आला की पान आणि ओळ बघायची, ते चित्र उघडायचे आणि कागदावर काय आहे ते वाचायचे.

"मोले" हे याच्या उलट टोकाचे. ते खरे गाव आहे, लेखन शुद्ध आहे, यादीत शेजाऱ्यांसारखेच निमूट बसते. धारबांदोड्याचा माणूस सत्तरीतल्या सोसायटीत बी घालायला सहसा येणार नाही, हे ज्याला माहीत आहे त्यालाच ते खटकेल. म्हणून यादीतले प्रत्येक गाव एकेकदा निवडून त्याची संख्या B1 मध्ये पाहा. ज्या गावाच्या चार-पाचच ओळी आहेत, त्या सगळ्या चित्राशी ताडा.

हे झाले की मग पानामागून पान. "पान" 1 निवडा, p01.jpg उघडा, B1 आणि J1 जुळवा, मग ओळीने वाचत जा. नाव आणि पावती नंबर यांना कुठलेही सूत्र पकडत नाही, ते डोळ्यांनीच वाचावे लागतात. भाई पावतीचे नंबर मोठ्याने म्हणतात. सुरुवातीला मला हसू आले होते, आता मीही म्हणतो.

शीट परत आली की फिल्टर `Clear` करा. `Sort` मध्ये आधी पान, मग ओळ असा क्रम लावा, कोणी मध्येच सॉर्ट केले असेल तर ओळी मूळ जागी येतील. B1 मध्ये 357, L मध्ये एकही रिकामा सेल नाही, चौदाही पानांची बेरीज "पान बेरीज"शी जुळते, आणि जिथे जुळत नाही तिथे शेरा आहे. एवढे पाहून फाइल सोसायटीकडे जाते. छापायची असेल तर `Page Layout` मधल्या `Print Titles` मध्ये `$2:$2` भरा. फ्रीझ फक्त पडद्यापुरते असते, ते कागदावर उतरत नाही.